हवेतलं यंत्र आणि उशीतली धूळ

डॉक्टरांनी मुलाच्या कागदावर ‘डस्ट ॲलर्जी’ लिहिलं की घरातल्या मोठ्यांची नजर पहिल्यांदा खिडकीकडे जाते. खाली रस्ता, शेजारी बांधकाम, म्हणजे धूळ येणार ती तिथूनच. मग खिडक्या बंद होतात, फटींना फोमची पट्टी लागते आणि कोपऱ्यात हेपा फिल्टरचा प्युरिफायर येऊन बसतो. आजी मात्र म्हणत असते, यंत्र कशाला, रोज ओल्या फडक्यानं पुसा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण मुलाला नेमकी कशाची ॲलर्जी आहे हे कळल्याशिवाय कुणाचं किती खरं हे ठरत नाही.

पुण्यात सिंहगड रस्त्याजवळ राहणाऱ्या, माझ्या चांगल्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगते. मुलगी सात वर्षांची. सकाळी डोळे उघडले की लागोपाठ शिंका, मग तळहातानं नाक खालून वर घासणं. ते इतकं की नाकाच्या मधोमध आडवी बारीक रेघ पडलेली. रात्री कोरडा खोकला. शाळेत असताना मात्र ती बरी असायची. शेजारी इमारत उभी राहत होती, त्यामुळे आईवडिलांनी सगळा दोष सिमेंटला दिला. जूनमध्ये प्युरिफायर घेतला आणि झोपायच्या खोलीच्या खिडक्या पक्क्या बंद केल्या. यंत्रावरचा आकडा दिवसभर दहाच्या आतबाहेर आणि दिवा हिरवा. तरीही जुलै संपेपर्यंत शिंका वाढल्या, खोकला रात्री दोनदा उठवू लागला.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. जे काम त्याचं नव्हतं ते त्याच्याकडून अपेक्षित होतं.

तिची त्वचेवरची ॲलर्जी चाचणी झाली. यात हातावर वेगवेगळ्या पदार्थांच्या अर्कांचे थेंब टाकून त्यातून सुईनं हलकंसं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी कुठे गांधी उठली ते पाहतात. माइटच्या थेंबाखाली मोठी गांधी उठली, झुरळाच्या थेंबाखाली लहानशी. परागकण, मांजर, बुरशी यांच्या जागी काहीच नाही. सिमेंटची धूळ या चाचणीत नसतेच, कारण ती नाकाला झोंबते, चुरचुरते, पण तिच्याविरुद्ध शरीर अशा ॲलर्जीची प्रतिपिंडं तयार करत नाही. बांधकामाच्या धुळीचा त्रास वेगळा आणि ही ॲलर्जी वेगळी. दोन्ही एकाच नाकात एकत्र नांदू शकतात, एवढंच.

माइट म्हणजे कोळ्याच्या जातकुळीतला आठ पायांचा जीव. लांबी सुमारे पाव मिलिमीटर, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून रोज झडणारी कातडीची पापुद्री हे त्याचं अन्न. ती गादी-उशीत मुबलक असते आणि तिथे ऊबही असते. घरातल्या धुळीची ॲलर्जी मुख्यतः या जीवामुळे होते, हे १९६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडेनच्या व्होरहोर्स्ट आणि स्पीक्समा या संशोधकांनी दाखवलं. तोवर ‘घरातली धूळ’ हा एक गूढ पदार्थ मानला जायचा. पुढे कळलं की खरा त्रास माइटपेक्षा त्याच्या लेंड्यांचा आहे. माइटच्या पोटातली पाचक द्रव्यं त्या लेंड्यांमध्ये भरलेली असतात. लेंडी मुलाच्या नाकाच्या ओल्या अस्तरावर पडली की काही मिनिटांत ती द्रव्यं विरघळतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. शिंका, खाज, पाणी हे सगळं त्या झटापटीचं दृश्य रूप.

आता या लेंडीचा आकार पाहू, कारण प्युरिफायरचा सगळा हिशेब तिथे अडतो. ती साधारण १० ते ४० मायक्रॉनची असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. धुराचे, वाहनांच्या काजळीचे कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. मूठभर रवा वर उडवला तर तो लगेच खाली येतो आणि उदबत्तीचा धूर खोलीभर रेंगाळतो, तसाच या दोन कणांमधला फरक आहे. स्थिर हवेत २० मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटरपेक्षा थोडा जास्त वेगानं खाली येतो. पलंगावरून उडून तो एक मीटर वर गेला, तरी दीड मिनिटाच्या आत परत खाली. १० मायक्रॉनच्या कणाला पाच-सहा मिनिटं लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर उतरायला सात-आठ तास. पंखा चालू असेल तर हे सगळं लांबतं, पण मोठे कण आधी बसतात हा क्रम बदलत नाही.

प्युरिफायरचं काय? झोपायच्या खोलीसाठी नीट निवडलेलं यंत्र तासाला पाच वेळा खोलीभर हवा गाळतं असं धरू. म्हणजे एका फेरीला १२ मिनिटं. तेवढ्या वेळात माइटच्या बहुतेक लेंड्या जमिनीवर, चादरीवर, उशीवर बसलेल्या असतात. यंत्रापर्यंत त्या पोचतच नाहीत. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवतो हे खरं आहे, पण कण त्याच्याकडे आला तर. आणि मुलाचं नाक? ते रात्री आठ-नऊ तास उशीपासून चार बोटांवर असतं. मूल कूस बदलतं, उशी दाबली जाते आणि त्या दाबानं निघालेल्या लेंड्या तिथल्या तिथे श्वासात जातात. सहा फुटांवरचं यंत्र यात मध्ये पडू शकत नाही.

हिरव्या दिव्याचं कोडंही इथेच सुटतं. घरगुती यंत्रातला सेन्सर प्रकाशाच्या झोतात चमकणारे बारीक कण मोजतो आणि त्यातून पीएम २.५चा अंदाज देतो. लेंड्या त्याच्या मापाच्या बाहेरच्या. पलंगावर चादर झटकली तर आकडा क्षणभर हलेल, पण गादीत काय दडलंय याबद्दल तो काहीच सांगत नाही. तो हिरवा दिवा खोलीतल्या धुराबद्दल खरं बोलत होता. आईवडील त्याला माइटबद्दल विचारत होते.

पण शिंका वाढल्या कशानं? इथे बंद खिडक्यांचा विषय येतो, आणि या घरात मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

माइट पाणी पीत नाही. आजूबाजूच्या दमट हवेतून तो ओलावा शोषतो. सापेक्ष आर्द्रता ७०-८० टक्के आणि हवा उबदार असेल तर तो झपाट्यानं वाढतो. ५० टक्क्यांच्या खाली ती बराच काळ राहिली तर तो सुकून मरतो. म्हणजे माइटशी झगडा हा पाण्याच्या वाफेशी झगडा आहे. एक झोपलेला माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. बंद खोलीत तिघं आठ तास झोपली तर सकाळपर्यंत जवळजवळ लिटरभर. त्यात या घरात पावसाळ्यामुळे कपडे त्याच खोलीत दोरीवर वाळत असायचे. मशीनमधून पिळून निघालेल्या एका फेरीच्या कपड्यांतूनही दोन-अडीच लिटर पाणी हवेत जातं. ते जाणार कुठे? खिडक्यांना पट्टी लावलेली. प्युरिफायर कण गाळतो, वाफ गाळत नाही. काही शे रुपयांचं आर्द्रतामापक त्यांनी पलंगाशेजारी ठेवलं तेव्हा सकाळचा आकडा ८४ होता. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात रंगाखाली काळसर ठिपकेही दिसू लागले होते.

यावर ‘खिडक्या उघडा’ एवढंच उत्तर पुरत नाही. पुण्यात भर पावसात बाहेरची हवाही तितकीच ओली असते. उघडी खिडकी आतली वाढीव वाफ बाहेर काढेल, पण खोली कोरडी करणार नाही. म्हणून हवामान आणि वेळ पाहून ठरवावं लागतं. पावसाळ्यात ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी रात्री खिडकी बंद ठेवून तो ‘ड्राय’वर चालवावा. त्यातून ठिबकणारं पाणी हे खोलीतून काढलेलं पाणीच आहे. एसी नसेल तर बंद कोंडवाड्यापेक्षा उघडी खिडकी आणि पंखा बरा, आणि कपडे कुठेही वाळवा, मुलाच्या खोलीत नको. नोव्हेंबरपासून मेपर्यंत पुण्याच्या दुपारी कोरड्या असतात. एप्रिलमध्ये आर्द्रता २५ टक्क्यांच्या खालीही जाते. तेव्हा दुपारी खोली सताड उघडून, अंथरूण उलगडून ठेवणं हा फुकटचा उपाय आहे. शेजारी फरशी कापायचं काम चालू असेल किंवा कुणी कचरा पेटवला असेल तर तेवढा वेळ खिडकी लावून घ्यायची. मुंबईत किंवा कोकणात, गोव्यात हा कोरडा काळ फार तोकडा असतो. तिथे खिडकीवर कमी आणि अंथरुणावर जास्त भर द्यावा लागतो.

आता आजीच्या ओल्या फडक्याकडे. खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत न उडवता उचलणं, हे त्याचं काम. कोरड्या फडक्यानं झटकलं किंवा सकाळी केरसुणी फिरवली की बसलेले कण पुन्हा वर येतात आणि निदान काही मिनिटं नाकाच्या उंचीवर राहतात. या घरात केर काढायला येणाऱ्या मावशी सातला यायच्या, आणि मुलगी तेव्हा जमिनीवर बसून बूट घालत असायची. नुसती वेळ बदलून, ती शाळेत गेल्यावर केर काढायला लागल्यावर सकाळच्या शिंका थोड्या कमी झाल्या, असं आईचं निरीक्षण.

पण ओलं पुसणंही नीट व्हायला हवं. फडकं ओलं म्हणजे थबथबलेलं नव्हे. घट्ट पिळल्यावर हाताला ओलसर लागेल पण थेंब गळणार नाही, इतकंच. फार ओलं झालं तर लाकडी कपाटामागे, भिंतीच्या कडेला ओल राहते आणि बुरशीचं नवं प्रकरण सुरू होतं. फडक्याची घडी करावी, एक बाजू मळली की दुसरी घ्यावी, कारण मळक्या बाजूनं पुसणं म्हणजे धूळ एका जागेवरून दुसरीकडे नेणं. काम वरून खाली. आधी पलंगावर जुनी चादर पसरायची, मग पंख्याची पाती. पात्याला जुना उशीचा अभ्रा घालून आतल्या बाजूनं ओढला की धूळ अभ्र्यातच राहते, खाली पावडरीसारखी सांडत नाही. मग कपाटाचा माथा, पलंगाचा डोक्याकडचा भाग, खिडकीची कड, आणि शेवटी लादी. पलंगाखालचा कोपरा सोडायचा नाही. तिथली धूळ बहुतेक गादीतूनच पडलेली असते. मुलानं त्या खोलीत अर्ध्या तासानंतर यावं.

एवढं करूनही ओल्या फडक्याची एक सीमा आहे. ते पृष्ठभाग पुसतं, गादीच्या आत शिरत नाही. म्हणजे यंत्र गादीबाहेरच्या हवेत आणि फडकं गादीबाहेरच्या फरशीवर. माइटची वस्ती मात्र गादीत, उशीत, दुलईत, आणि मुलीनं रोज कुशीत घेतलेल्या कापडी सशात. म्हणून या ॲलर्जीत पैसा आणि श्रम दोन्ही आधी अंथरुणावर खर्च व्हावेत, असं माझं ठाम मत आहे.

गादीला आणि उशीला सहा बाजूंनी बंद होणारी, चेन असलेली, दाट विणीची खोळ घालावी. तिच्या विणीतली भोकं दहा मायक्रॉनपेक्षा लहान हवीत, म्हणजे लेंडी बाहेर येत नाही आणि कातडीची पापुद्री आत जात नाही. वरून नुसती इलॅस्टिकची ‘मॅट्रेस प्रोटेक्टर’ चादर टाकली तर बाजू उघड्याच राहतात. चेनच्या टोकाला अर्धा इंच फट राहते, तिथे मी स्वतः चिकटपट्टी लावलेली पाहिली आहे आणि ते शहाणपणाचं वाटतं. चादर, अभ्रे आणि पांघरूण दर आठवड्याला ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात धुवावं. त्या तापमानाला माइट मरतात. साध्या पाण्यात लेंड्यांमधली द्रव्यं बरीचशी धुऊन जातात, पण माइट जगतात आणि पुन्हा कामाला लागतात. मशीनमध्ये गरम पाण्याची सोय नसेल तर गिझरचं पाणी बादलीत घेऊन चादर तासभर भिजवणं हा आपल्याकडचा उपाय आहे. कापडी सशाला महिन्यातून एकदा पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवायचं. थंडीनं माइट मरतात. नंतर धुवायचं, कारण मेलेल्या माइटच्या लेंड्या आतच असतात.

कापसाची गादी उन्हात घालायची आपली पद्धत खरंच उपयोगी आहे. कडक, कोरड्या उन्हात माइट सुकून मरतात. पण ऊन लेंड्या नाहीशा करत नाही. गच्चीवर गादी काठीनं बडवताना उडणारा धुरळा हाच ॲलर्जीचा सर्वांत दाट डोस, आणि पोरं नेमकी तिथेच खेळत असतात. पिंजारी कापूस पिंजतो तेव्हाही तेच. मुलानं त्या दिवशी गच्चीवर जाऊ नये. दिवाळीच्या साफसफाईलाही हाच नियम. पावसाळ्यात वाढलेल्या माइटचा साठा तेव्हा भरलेला असतो आणि माळ्यावरच्या गोधड्या एकाच रविवारी खाली येतात.

एवढं केल्यावर फरक पडतोच का? पुरावा प्रामाणिकपणे पाहायला हवा. २००३ साली इंग्लंडमध्ये हजारावर प्रौढ दमेकऱ्यांवर झालेल्या चाचणीत नुसत्या खोळी घालून काही फायदा दिसला नाही. एकटा उपाय पुरत नाही हा त्यातला धडा. २००४ साली अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये, दमा असलेल्या ९३७ मुलांवर झालेल्या अभ्यासात मात्र प्रत्येक मुलाच्या ॲलर्जीनुसार उपायांचा संच दिला गेला. खोळी, साफसफाईची शिकवण, झुरळांचा बंदोबस्त आणि गरजेप्रमाणे हेपा फिल्टरची यंत्रं. त्या मुलांना त्रासाचे दिवस कमी आले. थोडे, पण स्पष्ट कमी. म्हणजे प्युरिफायर उपायांच्या मालिकेत बसतो, पण माइटच्या ॲलर्जीत त्याला पहिला नंबर देता येत नाही.

त्याचा खरा उपयोग कुठे, हेही सांगायला हवं. मांजराची ॲलर्जी असेल तर तिच्या कणांचा बराच भाग बारीक असतो, तासन्‌तास हवेत तरंगतो. तिथे यंत्र चांगलं काम करतं. दिवाळीचे फटाके, हिवाळ्यातलं धुरकट आकाश, हमरस्त्यावरचं घर, या सगळ्यातही. ॲलर्जीनं सुजलेल्या नाकाला आणि श्वासनलिकेला धूर अधिक लागतो, म्हणून माइटवाल्या मुलालाही त्या काळात यंत्राचा आधार मिळतो. निवडताना खोलीचा हिशेब करावा. दहा बाय अकरा फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३० घनमीटर. तासाला पाच फेऱ्या हव्यात तर दीडशे घनमीटर. पण खोक्यावर छापलेला आकडा सर्वाधिक वेगाचा असतो, आणि त्या आवाजात मूल झोपत नाही. रात्रीच्या हळू वेगात हवा त्याच्या निम्म्याहून कमी गाळली जाते. म्हणून तीनशेच्या पुढचं यंत्र घ्यावं आणि मध्यम वेगात चालवावं. ओझोन सोडणारी यंत्रं मुलाच्या खोलीत अजिबात नकोत, त्यानं श्वासनलिका चिडते.

सिंहगड रस्त्याच्या त्या घरी ऑगस्टमध्ये खिडक्यांच्या पट्ट्या काढल्या, कपड्यांची दोरी बाल्कनीत गेली, खोळी आल्या, एसी रात्री ‘ड्राय’वर लागला. आर्द्रता ६०च्या आसपास आली, पन्नासपर्यंत कधी उतरली नाही. पहिले काही आठवडे फारसं काही दिसलं नाही, कारण माइट कमी झाले तरी जुन्या लेंड्या महिनोन्‌महिने टिकतात. ऑक्टोबरअखेरीस रात्रीचा खोकला थांबला. सकाळच्या शिंका दोन-तीनवर आल्या, गेल्या नाहीत. नाकात मारायचा स्प्रे डॉक्टरांनी चालू ठेवला आणि तो बंद करायची घाई आईवडिलांनी केली नाही. श्वास घेताना शिटीसारखा आवाज आला, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा बोलताना मुलीला धाप लागली, तर खोली पुसत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, हे त्यांनी फ्रिजवर लिहून लावलं आहे.